कंट्रोल चार्ट कसा वाचायचा? शिफ्ट आणि ट्रेंड ओळखण्याचा सोपा पाठ



बारावीनंतर डी.एम.एल.टी. किंवा बी.एस्सी. एम.एल.टी. करणारं एखादं मूल आपल्या ओळखीत असतंच. त्यांच्या क्लिनिकल केमिस्ट्रीच्या अभ्यासात एका प्रकारचा प्रश्न येतो. दहा-पंधरा दिवसांचे आकडे दिलेले असतात आणि खाली विचारलेलं असतं : यात शिफ्ट आहे की ट्रेंड? कोणता नियम मोडला? पुढे काय कराल? मुलांनी नियमांची यादी पाठ केलेली असते, तरी आकडे समोर आले की ती अडखळतात. बरीच मुलं प्रत्येक आकडा सुटा सुटा तपासतात आणि "सगळे मर्यादेत आहेत, म्हणजे सगळं ठीक" असं लिहून मोकळी होतात. नेमकं इथेच उत्तर चुकतं.

आजच्या पाठात आपण असे दोन प्रश्न पायरीपायरीने सोडवू. गणित सरासरीपलीकडे फारसं जात नाही, त्यामुळे विज्ञान शाखेचे नसलात तरी घाबरू नका. रक्ताचा रिपोर्ट तर आपल्या सगळ्यांच्याच हातात पडतो. त्यातल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा तो कशाच्या जोरावर, हेही यातून कळेल.

कंट्रोल म्हणजे काय?

किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा बरोबर आहे का हे कसं बघाल? एक किलोचं खात्रीचं वजन त्यावर ठेवाल. काट्याने एक किलो दाखवलं तर ठीक. प्रयोगशाळेतही हेच करतात. रक्तातली साखर मोजणाऱ्या यंत्रात पेशंटचे नमुने घालण्याआधी एका बाटलीतलं द्रव घालतात. त्यात साखर साधारण किती आहे हे आधीपासून माहीत असतं. या द्रवाला कंट्रोल म्हणतात.

इथे मुलांचा एक गोंधळ आधी दूर करू. प्रयोगशाळेत कॅलिब्रेटर नावाचं आणखी एक द्रव असतं. "एवढा रंग आला म्हणजे एवढी साखर समज" हे यंत्राला कॅलिब्रेटरवरून शिकवतात. कंट्रोलवरून यंत्राने काहीच शिकायचं नसतं, त्याने फक्त उत्तर द्यायचं असतं. आपल्या भाषेत सांगायचं तर कॅलिब्रेटर म्हणजे वर्गात शिकवलेला धडा आणि कंट्रोल म्हणजे चाचणी परीक्षा. हा फरक लक्षात ठेवा, पुढे दोन्ही प्रश्नांत कामाला येणार आहे.

सरासरी आणि एसडी

तेच कंट्रोल त्याच यंत्रावर रोज मोजलं तरी उत्तर रोज तंतोतंत सारखं येत नाही. आज १०१, उद्या ९९, परवा १००. यात कुणाची चूक नाही, मोजमाप म्हटलं की एवढं इकडे-तिकडे होणारच. किती इकडे-तिकडे होणं नेहमीचं आहे, हे ठरवण्यासाठी प्रयोगशाळा यंत्र नीट चालू असताना निदान २० वेगवेगळ्या दिवसांची मूल्यं घेते. त्यांची सरासरी काढते आणि प्रमाण विचलनही काढते. प्रमाण विचलनाला सगळे बोलताना एसडी म्हणतात. मूल्यं सरासरीपासून साधारणपणे किती लांब पसरतात, ते एसडी सांगते.

आपण असं धरू की साखरेच्या कंट्रोलची सरासरी १०० आली आणि एसडी २ आली. एकक मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. आता आलेख कागदावर १०० ला एक आडवी रेघ मारा. वर १०२, १०४, १०६ आणि खाली ९८, ९६, ९४ ला रेघा मारा. या झाल्या एक, दोन आणि तीन एसडीच्या रेघा. आडव्या अक्षावर दिवस घ्या आणि रोजचा एक ठिपका द्या. झाला कंट्रोल चार्ट तयार.

वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये अमेरिकेत टेलिफोनची उपकरणं बनवणाऱ्या उद्योगासाठी असा तक्ता मांडला. १९५० मध्ये लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी तो वैद्यकीय प्रयोगशाळेत आणला, म्हणून पुस्तकात याचं नाव लेव्ही-जेनिंग्ज चार्ट. पुढे १९८१ मध्ये जेम्स वेस्टगार्ड आणि सहकाऱ्यांनी तो वाचायचे नियम एकत्र बांधून दिले. मुलं जे नियम पाठ करतात ते हेच.

एक ठिपका आणि ठिपक्यांची ओळ

यंत्र नीट चालू असेल तर १०० पैकी साधारण ९५ ठिपके दोन एसडीच्या आत पडतात. याचा अर्थ काहीही बिघडलेलं नसतानाही साधारण २२ दिवसांतून एकदा ठिपका दोन एसडीच्या बाहेर जाणार. म्हणून वेस्टगार्ड यांच्या पद्धतीत असा एक ठिपका म्हणजे फक्त सावधगिरीची घंटा. त्या नियमाचं चिन्ह 1-2s. तीन एसडीच्या बाहेर जायची शक्यता मात्र हजारात तीनच्या आसपास असते, म्हणून 1-3s मोडला की त्या दिवशीचे रिपोर्ट थांबवतात.

हे झालं एकेकट्या ठिपक्याचं. आता दुसरी बाजू बघा. एकही ठिपका दोन एसडीच्या बाहेर गेला नाही, तरी यंत्र चुकत असू शकतं. ते कळतं ठिपक्यांच्या क्रमावरून. त्यासाठीचे तीन नियम आपल्याला आज लागतील.

4-1s : लागोपाठ चार ठिपके एकाच बाजूला एक एसडीच्या पलीकडे.

10x : लागोपाठ दहा ठिपके सरासरीच्या एकाच बाजूला, मग ते सरासरीच्या कितीही जवळ असोत.

7T : लागोपाठ सात ठिपके चढत जाणारे किंवा उतरत जाणारे.

पहिल्या दोन नियमांवरून शिफ्ट पकडतात. शिफ्ट म्हणजे ठिपक्यांची पूर्ण वस्ती एका दिवसात उठून वर किंवा खाली जाऊन बसणे. तिसऱ्यावरून ट्रेंड पकडतात. ट्रेंड म्हणजे हळूहळू, रोज थोडं थोडं घसरणे किंवा चढणे. शिफ्ट म्हणजे पायरी आणि ट्रेंड म्हणजे उतार, असं मुलांना सांगितलं की ती विसरत नाहीत.

एक सूचना. शिफ्टसाठी किती ठिपके मोजायचे याबाबत पुस्तकांत फरक आहे. काही पुस्तकं एकाच बाजूला सहा ठिपके आले की शिफ्ट म्हणतात, तर वरच्या 10x नियमात दहा लागतात. ट्रेंडसाठीही कुठे सहा, कुठे सात. परीक्षेत आपल्या अभ्यासक्रमातलं पुस्तक जे सांगतं ते धरावं आणि उत्तरात नियमाचं नाव लिहावं.

दहाच का, असं मूल विचारील. तेव्हा त्याच्या हातात एक नाणं द्या. नीट चाललेल्या यंत्राचा ठिपका सरासरीच्या वर पडेल की खाली, हे छापा-काट्यासारखंच आहे. लागोपाठ दहा वेळा छापा पडायची शक्यता १०२४ मध्ये एक. छापा किंवा काटा, कोणताही एकच दहा वेळा पडायची शक्यता ५१२ मध्ये एक. वर्गात हे करून बघा, मुलं दमतात पण दहा छापे सहसा पडत नाहीत. म्हणून दहा ठिपके एका बाजूला दिसले की योगायोग म्हणून सोडून न देता कारण शोधायचं.

प्रश्न पहिला : साखरेचं कंट्रोल

सरासरी १००, एसडी २. सोळा दिवसांची मूल्यं अशी :

दिवस १ ते ६ : १०१, ९८, १००, १०२, ९९, ९९

दिवस ७ ते १६ : १०३, १०१, १०३, १०२, १०३, १०१, १०२, १०३, १०१, १०३

सातव्या दिवशी अभिकर्मकाची, म्हणजे रिएजंटची, नवीन लॉटची बाटली लावली. निदान सांगा.

आधी मर्यादा बघू. दोन एसडीची वरची रेघ १०४ वर आहे. सर्वांत मोठं मूल्य १०३. म्हणजे 1-2s सुद्धा मोडलेला नाही. इथे थांबणारा विद्यार्थी "सर्व ठीक" लिहितो.

आता ओळ बघू. 4-1s साठी लागोपाठ चार मूल्यं १०२ च्या पलीकडे हवीत. सातव्या दिवशी १०३ आहे, पण आठव्या दिवशी १०१. पुढेही असंच मध्ये मध्ये तुटतं. १०२ हे मूल्य रेघेवर आहे, रेघेच्या पलीकडे नाही, हेही लक्षात घ्या. म्हणजे 4-1s मोडला नाही.

आता 10x. सातव्या दिवसापासून मोजा. सोळाव्या दिवसापर्यंत बरोबर दहा मूल्यं आणि दहाच्या दहा १०० च्या वर. नियम मोडला. सातव्या ते सोळाव्या दिवसांची बेरीज १०२२, म्हणजे सरासरी १०२.२. आधीच्या सहा दिवसांची सरासरी ९९.८. दोन्ही गटांच्या आत चढ किंवा उतार नाही, फक्त सहाव्या आणि सातव्या दिवसाच्या मध्ये एक पायरी आहे. म्हणून ही शिफ्ट, वरच्या बाजूला, सातव्या दिवसापासून.

दोनच मिलिग्रॅमचा फरक, त्याने काय होतं, असं वाटेल. समजा एका माणसाची उपाशीपोटीची खरी साखर १२४ आहे. यंत्र सगळ्यांनाच २.२ टक्के जास्त दाखवत असेल तर त्याचा रिपोर्ट येईल १२७. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह, अशी निदानाची रेघ आहे. माणूस रेघेच्या पलीकडे गेला. डॉक्टर एका रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत, पुन्हा तपासायला सांगतात, हे खरं. पण पुन्हा त्याच प्रयोगशाळेत, त्याच यंत्रावर गेलात तर ते पुन्हा तेवढंच जास्त दाखवणार. कधी वर कधी खाली होणारी चूक पुन्हा तपासल्यावर उघडी पडते. शिफ्ट मात्र दरवेळी एकाच बाजूला ढकलते, म्हणून ती दुसऱ्या रिपोर्टमध्येही लपून राहते.

आता "पुढे काय कराल?" हा भाग. बरेच जण "पुन्हा कॅलिब्रेशन करू" लिहितात. ते चूक नाही, पण एक पायरी राहून जाते. कंट्रोल हे पेशंटच्या ताज्या रक्तासारखं हुबेहूब नसतं. टिकावं म्हणून त्याच्यावर प्रक्रिया केलेली असते. त्यामुळे कधी कधी नवीन लॉट लावल्यावर कंट्रोलचा आकडा सरकतो, पण पेशंटचे आकडे जागच्या जागी राहतात. म्हणून आधी पेशंटचे काही नमुने जुन्या आणि नव्या, दोन्ही लॉटवर तपासायचे. समजा पाच नमुने घेतले आणि असं दिसलं :

जुना लॉट : ८२, ९७, ११८, १२४, २१०

नवा लॉट : ८४, ९९, १२१, १२७, २१५

पाचही वाढले आणि जवळपास सारख्याच प्रमाणात वाढले. म्हणजे पेशंटचे रिपोर्टही खरोखर सरकले आहेत. नोंदवही उघडली तर दिसतं की नवा लॉट लावला, पण कॅलिब्रेशन मात्र जुन्याच लॉटचं चालू ठेवलं. यंत्राला जुन्या धड्यावर नवीन परीक्षा द्यायला बसवलं होतं. मग नव्या लॉटने कॅलिब्रेशन करायचं, कंट्रोल पुन्हा लावायचं, आणि सातव्या दिवसापासून १२६ च्या आसपास आलेले रिपोर्ट पुन्हा बघायचे.

पाचही नमुने दोन्ही लॉटवर सारखे आले असते तर? तर पेशंटचे रिपोर्ट बरोबर होते, फक्त कंट्रोल सरकलं होतं. अशा वेळी नव्या लॉटसाठी कंट्रोलची नवी सरासरी ठरवायची. आकडे तेच, चार्ट तोच, पण उपाय वेगळा. चार्ट एवढंच सांगतो की काहीतरी बदललं आणि ते कधी बदललं. काय बदललं हे आपल्याला शोधावं लागतं.

इथे 10x ची एक मर्यादाही दिसते. रोज एकच ठिपका असेल तर नियम मोडेपर्यंत दहा दिवस जातात आणि तोवर नऊ दिवसांचे रिपोर्ट घरोघर पोचलेले असतात. म्हणून चांगल्या प्रयोगशाळा कमी साखरेचं आणि जास्त साखरेचं अशी दोन कंट्रोल रोज लावतात. दोन्हींचे ठिपके मिळून मोजले तर पाच दिवसांत दहा होतात. आणि नवा लॉट लावतानाच पेशंटचे नमुने ताडून बघितले तर तेवढंही थांबावं लागत नाही.

प्रश्न दुसरा : बिलिरुबिनचं कंट्रोल

सरासरी ५.०, एसडी ०.२. तिसऱ्या दिवशी कंट्रोलची नवी बाटली उघडली. नऊ दिवसांची मूल्यं :

५.०, ४.९, ५.२, ५.१, ५.०, ४.९, ४.८, ४.७, ४.६

पुन्हा तोच क्रम. दोन एसडीची खालची रेघ ४.६ वर आहे. नवव्या दिवसाचा ठिपका रेघेला टेकला आहे, ओलांडलेला नाही. एक एसडीची खालची रेघ ४.८, तिच्या खाली फक्त शेवटचे दोनच ठिपके. म्हणजे 4-1s नाही. सरासरीच्या खाली लागोपाठ चारच ठिपके, म्हणून 10x नाही. पण तिसऱ्या दिवसापासून बघा : ५.२, ५.१, ५.०, ४.९, ४.८, ४.७, ४.६. सात ठिपके, प्रत्येक आधीच्यापेक्षा खाली. 7T मोडला. इथे पायरी कुठेच नाही, सरळ उतार आहे. म्हणून हा ट्रेंड, खालच्या बाजूला.

सातच का, याचंही गणित छान आहे. सात वेगवेगळे आकडे ५०४० प्रकारे ओळीत मांडता येतात. त्यातली फक्त एकच मांडणी पूर्ण उतरती असते. एवढ्या दुर्मीळ मांडणीला योगायोग म्हणता येत नाही. प्रत्यक्षात ट्रेंड इतका शिस्तीत येतोच असं नाही, उतरता उतरता एखादा ठिपका मध्येच वर जातो. परीक्षेत नियम मोजायचा, पण कामावर असताना एकूण कल बघायचा.

आता कारण. ट्रेंड म्हणजे हळूहळू होणारा बदल, म्हणून कारणही हळूहळू घडणारंच शोधायचं. यंत्रातल्या दिव्याचा प्रकाश दिवसेंदिवस कमी होतो, उघडलेलं रिएजंट जुनं होतं, नळीत साका साचत जातो, किंवा कंट्रोल स्वतःच खराब होतं. यातलं इथे कोणतं?

बिलिरुबिन प्रकाशाने बदलतं. नवजात बाळाला कावीळ झाली की त्याला निळ्या प्रकाशाखाली ठेवतात ते याचसाठी. प्रकाशाने कातडीतल्या बिलिरुबिनचं रूप बदलतं आणि ते शरीराबाहेर टाकणं सोपं जातं. जे बाळाच्या भल्याचं, तेच कंट्रोलच्या बाटलीला घातक. बाटली रोज सकाळी फ्रीजमधून काढून काम सुरू होईपर्यंत खिडकीजवळच्या टेबलावर तासभर उघडी पडून राहत असेल, तर त्यातलं बिलिरुबिन रोज थोडं थोडं कमी होणार.

पण हा झाला अंदाज. तो पडताळायचा कसा? दोन खुणा आहेत. पहिली, त्याच बाटलीतून मोजलेल्या इतर तपासण्या बघायच्या. एकाच कंट्रोलमध्ये साखर, युरिया, कॅल्शियम असं बरंच काही असतं. ते सगळं स्थिर आहे आणि फक्त बिलिरुबिन घसरतंय, तर दिव्यापेक्षा बाटलीवरचा संशय वाढतो. झाकण सैल राहून पाणी उडून जात असतं तर उलट सगळ्याच तपासण्या एकत्र वर चढल्या असत्या. दुसरी खूण अधिक पक्की : नवी बाटली उघडून, अंधारात तयार करून लगेच तपासायची. नव्या बाटलीने ५.१ दाखवलं तर यंत्र निर्दोष, दोष जुन्या बाटलीचा. नव्या बाटलीनेही ४.६ च दाखवलं तर मात्र रिएजंट, कॅलिब्रेशन आणि दिवा यांच्याकडे वळायचं.

आकडा दुरुस्त केला, चूक तशीच राहिली

ही पडताळणी न करता काही ठिकाणी एक सोपा मार्ग निवडतात. छोट्या यंत्रांत उत्तराला गुणायचा एक फॅक्टर असतो. कंट्रोल ५.० च्या जागी ४.६ येतंय ना? मग फॅक्टर ५.० भागिले ४.६, म्हणजे साधारण १.०९ पट वाढवून टाकला. कंट्रोल लगेच ५.० दाखवू लागलं, चार्ट सुंदर दिसू लागला. पण यंत्र आधी बरोबर होतं. बाटली बिघडलेली होती. आता ज्या बाळाचं बिलिरुबिन खरं १२ आहे त्याचा रिपोर्ट येतो १३. बाळाला प्रकाशाखाली ठेवायचं की नाही हे डॉक्टर त्या आकड्यावरून आणि बाळाच्या वयाच्या तासांवरून ठरवतात. चार्ट दुरुस्त करायच्या नादात रिपोर्ट बिघडला.

दुसरी सवय म्हणजे कंट्रोल मर्यादेत येईपर्यंत पुन्हा पुन्हा लावणे. विद्यार्थी पास होईपर्यंत त्याला तोच पेपर द्यायचा आणि फक्त शेवटचे गुण लिहायचे, असाच हा प्रकार. मूल्यं इकडे-तिकडे होतच असतात, तेव्हा कधीतरी एखादं आत पडणारच. त्याने शिफ्ट गेली असं होत नाही. म्हणून बाहेर गेलेला ठिपकाही चार्टवर काढायचा आणि शेजारी काय केलं ते लिहायचं. सातव्या दिवसाजवळ "नवा लॉट" एवढे दोन शब्द लिहिलेले असतील तर पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

तिसरी गोष्ट जरा लपलेली आहे. कंट्रोलच्या डब्यातल्या कागदावर कंपनीने एक पट्टा छापलेला असतो, उदाहरणार्थ ८८ ते ११२. तो अनेक प्रयोगशाळा आणि यंत्रं धरून दिलेला असतो, म्हणून रुंद असतो. तोच दोन एसडीचा पट्टा मानला तर एसडी होते ६, आपली खरी एसडी २ असताना. मग एक एसडीची रेघ १०६ वर जाते आणि साखरेचं कंट्रोल १०५ वर जाऊन बसलं तरी 4-1s कधी बोलणारच नाही. म्हणून आपल्या यंत्राची सरासरी आणि एसडी आपणच काढायची.

सरावासाठी

मुलांना हे दोन प्रश्न द्या. दोन्हींत कोलेस्टेरॉलचं कंट्रोल आहे, सरासरी २००, एसडी ४. आकडे नुसते वाचायला लावू नका, आलेख कागदावर ठिपके काढायला लावा.

(अ) २०१, १९८, २०३, १९९, २०५, २०६, २०५, २०७

(आ) १९७, २०२, २०९, २००, १९९, २०३

उत्तर (अ) : दोन एसडीची रेघ २०८, ती कुणीच ओलांडली नाही. एक एसडीची रेघ २०४, शेवटची चारही मूल्यं तिच्या वर. 4-1s मोडला. पाचव्या दिवशी पायरी आहे, म्हणून वरच्या बाजूला शिफ्ट. पाचव्या दिवशी काय बदललं ते नोंदवहीत शोधायचं.

उत्तर (आ) : २०९ हे २०८ च्या बाहेर, म्हणजे सरासरीपासून २.२५ एसडी लांब. 1-2s ची घंटा वाजली. पण त्याच्या आधीचे आणि नंतरचे ठिपके रेघेच्या दोन्ही बाजूंना नेहमीसारखे आहेत. ना शिफ्ट, ना ट्रेंड. बाकीचे नियम तपासून काम पुढे चालू ठेवायचं.

दोन्ही आलेख शेजारी ठेवा आणि मुलांना विचारा, कोणता जास्त काळजीचा? पहिल्यांदा बोट बहुधा (आ) मधल्या उंच ठिपक्याकडे जातं. मग त्यांना (अ) मधले शेवटचे चार ठिपके पेन्सिलने जोडायला सांगा आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा.

मुलांनी काढलेले आलेख आणि त्यांना पडलेले प्रश्न जरूर कळवा.